फी चौथ्या पानावर नको

तुमच्या दहावीच्या क्लासचं माहितीपत्रक वाचलं. पहिल्या पानावर संचालकांचं मनोगत आणि फी थेट चौथ्या पानावर, तीही नुसती ‘माफक’. पालक हे पत्रक शाळेच्या फाटकापाशी उभ्याउभ्या चाळतात, त्यामुळे मनोगत सरळ शेवटी न्या.

पहिल्या पानावर फी अशी लिहा: ‘गणित आणि विज्ञान, जून ते फेब्रुवारी, एकूण २४,००० रुपये. प्रवेशावेळी ९,०००, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी ७,५००. नोट्स, सराव परीक्षा यातच.’ तुम्हाला जीएसटी लागू असेल तर तो धरूनच आकडा छापा. रक्कम मागाहून वाढली की पालक बिथरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मध्येच क्लास सोडल्यास किती पैसे परत मिळतील, तेही तिथंच सांगा.

‘उज्ज्वल यशाची परंपरा’ पूर्ण काढा. त्याऐवजी तुमच्या नोंदवहीतून ‘गेल्या वर्षी ३२ जण बसले, १९ जणांना ८० टक्क्यांहून जास्त’ असं किती पैकी किती ते द्या. एकट्या पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो पाहून पालक उरलेल्या ३१ जणांबद्दल विचारणारच. ‘हमखास ९० टक्के’ तर नकोच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा हमीला मनाई आहे.

छापण्याआधी शेजारच्या एखाद्या पालकाला पत्रक अर्धा मिनिट वाचायला द्या, परत घ्या आणि एकूण फी विचारा. अडखळले, तर अजून काटछाट बाकी आहे.