फ्लॅट दाखवण्याआधीच ‘गेटपास’चे पैसे मागतायत, भरू का?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला टू बीएचके, भाडं ६,००० रुपये. मालक म्हणतो, मी फौजेत आहे, बदली झालीय. सोसायटीच्या गेटपाससाठी आधी २,५०० भरा, भाड्यातून वळते करू. खरं असेल का?

उत्तर: भरू नका. खरा मालक भाडेकरू बघितल्याशिवाय किल्ली देत नाही आणि फ्लॅट दाखवायचे पैसेही घेत नाही. एजंटची दलाली असते, पण ती व्यवहार ठरल्यावर.

फौजेचं ओळखपत्र आणि आधारचा फोटो न मागता पाठवला असेल, तर संशय उलट वाढवा. ती कागदपत्रं बहुतेकदा आधी फसलेल्या कुणाची तरी असतात. त्यापेक्षा इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर मागा, आणि सांगा, "माझा मामेभाऊ सांगलीतच असतो, तासाभरात वॉचमनला भेटून येतो." इथेच बहुतेकांची गाडी अडते. मग ‘दुसरी पार्टी टोकन देतेय’ अशी घाई सुरू होते.

वीजबिल मागायलाही हरकत नाही, पण तेही बनावट करता येतं. त्यामुळे त्यावरचं नाव वॉचमनकडून किंवा शेजाऱ्यांकडून पडताळून घ्या.

‘पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला, तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही; पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

आधीच काही भरलं असेल तर आत्ताच १९३० वर फोन करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी कळवलं, तरच ती गोठवता येते.