अर्ज ‘प्रलंबित’ दिसतोय, पण अडकलाय कुणाच्या टेबलावर?

प्रश्न: मुलीच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी आम्ही २२ एप्रिलला गावातल्या सेवा केंद्रातून अर्ज केला. पावतीवर २१ दिवसांची मुदत आहे. जून उजाडला तरी ऑनलाइन ‘प्रलंबित’च दिसतं. केंद्रवाला म्हणतो, ‘प्रांत ऑफिसात आहे, येईल.’ पुन्हा नवीन अर्ज करू का?
– एक पालक, वेंगुर्ले तालुका

उत्तर: नवीन अर्ज अजिबात करू नका. नव्या अर्जाची मुदत पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि जुन्या पावतीवर तुम्हाला मिळालेला हक्क तुम्ही आपल्याच हाताने मागे टाकता. तुमचं खरं बळ त्या पावतीत आहे. ती जपून ठेवा, तिचा फोटोही काढून ठेवा.

आधी अर्ज नेमका कुठे आहे ते स्वतः बघा. aaplesarkar.mahaonline.gov.in वर ‘Track Your Application’ मध्ये विभाग आणि सेवा निवडून पावतीवरचा अर्ज क्रमांक टाका. ‘प्रलंबित’ या एका शब्दावर थांबू नका. शेवटची हालचाल कोणत्या तारखेची आणि कुठल्या टप्प्यावर झाली, शेरा काही आहे का, ते पाहा आणि त्या स्क्रीनची तारखेसह प्रिंट काढा.

माझा अनुभव असा की, रखडलेल्या अर्जांपैकी बरेचसे साहेबांच्या सहीसाठी थांबलेलेच नसतात. कागदात उणीव निघाली म्हणून अर्ज परत पाठवलेला असतो. तो परत येतो केंद्रचालकाच्या लॉगिनमध्ये, कारण अर्ज तिथूनच भरलेला असतो. मागे एक मच्छीमार अशील असेच हवालदिल होऊन आले होते. त्यांच्या अर्जात मोबाइल नंबर केंद्रचालकाचा टाकलेला होता, त्यामुळे मेसेज घरी पोचलाच नाही. मी त्यांच्यासोबत केंद्रात जाऊन लॉगिन उघडायला लावलं. त्रुटीचा शेरा तिथे १९ दिवस पडून होता: उत्पन्नाचा पुरावा तीन वर्षांचा हवा, जोडलाय एकाच वर्षाचा. नॉन-क्रिमिलेअरमध्ये ही चूक फार होते. तुमच्या अर्जातही आधी हेच तपासा आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही बघा.

त्रुटी निघाली तर कागद त्याच अर्ज क्रमांकावर चढवून घ्या आणि चढवल्याची तारीखवार प्रिंट मागा. केंद्रवाल्यावर चिडून वेळ घालवू नका. पण समोर बसून, शेरा डोळ्यांनी पाहून हे काम करून घ्या.

आता कायद्याची बाजू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मुदतीत एक तर सेवा द्यायची, नाही तर कारण लेखी देऊन अर्ज फेटाळायचा. दोन्ही न करता गप्प बसायची मुभा अधिकाऱ्याला नाही. मात्र एक मेख आहे. मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात, म्हणून ‘अर्ज अपुरा होता’ असं ते म्हणू शकतात. त्यावर तुमचं उत्तर असं: ही उणीव मला कळवलीच नव्हती.

तारखा बघू. २२ एप्रिलपासून २१ दिवस म्हणजे १३ मे. मुदत संपल्यावर पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, म्हणजे १२ जूनपर्यंत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येतं. पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, त्यावर विसंबू नका. त्रुटी दूर केली असली तरी १२ जूनच्या आत अपील टाकाच. प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे त्या कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर लेखी विचारा आणि पोच घ्या.

अपील एका पानात मावतं. अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, मुदत संपल्याची तारीख आणि ‘सेवाही मिळाली नाही, नकाराचं लेखी कारणही मिळालं नाही’ हे वाक्य लिहा. सोबत पावती आणि स्क्रीनची प्रिंट जोडा. कुणावर आरोप करू नका, तारखाच पुरेशा बोलतात. ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. तो विरुद्ध गेला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीच कळलं नाही तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवसांनी दुसरं अपील करता येतं. त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय सेवा अडवली असं ठरलं तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दाखला वेळेत मिळणं हेच तुमचं काम, दंडाच्या मागे लागू नका.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आत्ता नको. त्यालाच ३० दिवस लागतात आणि मुलीच्या प्रवेशाची तारीख तेवढी थांबणार नाही. आज केंद्रात जा, उद्या अपील लिहा. प्रवेशाची शेवटची तारीख अपिलात ठळक नमूद करा आणि कॉलेजच्या सूचनापत्राची प्रत सोबत लावा.