भाड्याच्या शेरवानीवर हळदीचा डाग, डिपॉझिट किती कापू शकतात?

प्रश्न: लग्नासाठी शेरवानी ४००० भाड्याने घेतली, डिपॉझिट ५०००. बाहीवर हळद लागली तर दुकानदार ३००० कापतो म्हणतोय. बरोबर आहे का?

उत्तर: डाग निघतो की नाही हे बघायच्या आधीच ३००० कापणं बरोबर नाही, आत्ता फार तर जादा ड्रायक्लीनिंगचा खर्च लागतो. मी अशाच दुकानात काउंटरवर बसायचो, तिथे साधं ड्रायक्लीनिंग भाड्यातच धरलेलं असायचं कारण प्रत्येक गिऱ्हाईकानंतर कपडा धुवायला जातोच, वेगळे पैसे फक्त डाग काढायच्या कामाचे. म्हणजे समजा त्याचं बिल ६०० आलं तर तुम्हाला ४४०० परत मिळायला हवेत. त्याला सांगा आधी धुवून आण, बिल दाखव, मग हिशोब करू. डाग राहिलाच तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही बाही बदलून किंवा वर जरीचा पट्टा लावून पीस परत भाड्याने जाणार असेल तर तेवढ्याच कामाचे पैसे द्यायचे. आणि हो, घरी साबण लावू नका, साबणाने हळद लाल होते आणि दुकानदार लगेच म्हणतो रंग तुम्हीच घालवला (हे भांडण मी कितीदा तरी ऐकलंय). फक्त पावती नीट वाचा, "डाग पडल्यास डिपॉझिट परत नाही" असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल तर तो त्यावरच अडून बसणार, मग घासाघीस करून अर्ध्यावर मिटवावं लागतं.