काचेतील प्रकाशस्पंदाचा वेग: c/n की c/n_g?

प्रश्न: सर, मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काचेतला प्रकाशाचा वेग c/n असतो असे आम्ही शिकलो, पण आता ग्रुप व्हेलॉसिटीचे वेगळे सूत्र आले आहे. काचेच्या एका टोकाला प्रकाशाचा छोटा स्पंद सोडला, तर तो दुसऱ्या टोकाला कोणत्या वेगाने पोहोचेल? आणि आमच्या प्रयोगशाळेत लेसर-बिसर नसताना हा फरक कळेल का?

उत्तर: स्पंद समूहवेगाने, म्हणजे तुमच्या ग्रुप व्हेलॉसिटीने पोहोचेल. c/n हा कलावेग आहे. एकाच वारंवारतेच्या, आदि-अंत नसलेल्या तरंगाचे एखादे शीर्ष त्या वेगाने पुढे सरकते. पण अशा तरंगाला सुरुवातच नसल्यामुळे तो 'निघाला कधी आणि पोहोचला कधी' हा प्रश्न त्याला लागू होत नाही. स्पंद म्हणजे जवळजवळच्या अनेक वारंवारतांच्या तरंगांची बेरीज होय. ज्या ठिकाणी हे सगळे तरंग एकमेकांशी कलेत जुळतात, तेथे स्पंदाचा माथा असतो. काचेत प्रत्येक घटक तरंगाला n वेगळा असल्यामुळे ही जुळणीची जागा शीर्षांच्या गतीने सरकत नाही. कला kz − ωt अशी लिहून ती ω बदलला तरी बदलू नये अशी अट घातली, की माथ्याचा वेग dω/dk येतो. त्यात k = nω/c घातल्यावर c/n_g मिळते, जेथे

n_g = n − λ(dn/dλ)

या सूत्रातील λ ही निर्वातातील तरंगलांबी आहे. पुस्तकांत v_g = v_p − λ(dv_p/dλ) असेही सूत्र असते, मात्र त्यातील λ माध्यमातील असते. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत, पण एकातील λ दुसऱ्यात घातली की उत्तर बिघडते, आणि परीक्षेत ही चूक फार होते.

शीर्षे आणि माथा वेगवेगळ्या वेगाने जातात हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पैठणला नाथसागराच्या काठाशी खोल, संथ पाण्यात मोठा दगड टाका आणि बाहेर पसरणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातील एकाच लाटेवर नजर ठेवा. ती पट्ट्याच्या मागच्या कडेला जन्मते, पट्ट्यातून पुढे जाते आणि पुढच्या कडेला विरून जाते. खोल पाण्यातील लांब लाटांचा समूहवेग कलावेगाच्या निम्मा असतो, म्हणून तेथे हे ठळक दिसते. काचेत फरक बराच लहान असला तरी घडते हेच.

किती लहान, ते एका उदाहरणाने पाहू. बीके-७ या नेहमीच्या क्राउन काचेची १० मिमी जाडीची पट्टी घ्या आणि ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा स्पंद तिच्यातून जाऊ द्या. या तरंगलांबीला n = १.५१०८ आहे आणि dn/dλ सुमारे −०.०१९८ प्रति मायक्रोमीटर आहे, म्हणून n_g = १.५१०८ + ०.८ × ०.०१९८, म्हणजे सुमारे १.५२६७. c/n ने हिशेब केला तर पट्टी ओलांडायला ५०.३९ पिकोसेकंद लागायला हवेत, पण स्पंदाचा माथा ५०.९३ पिकोसेकंदांनी बाहेर येतो. फरक अर्ध्या पिकोसेकंदाहून थोडा अधिक आहे. तो क्षुल्लक वाटेल, परंतु ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे एक आवर्तन केवळ २.६७ फेमटोसेकंदांचे असते, त्यामुळे एवढ्या वेळात शीर्षे माथ्याच्या तुलनेत सुमारे १९८ आवर्तने पुढे सरकलेली असतात. ही संख्या L(n_g − n)/λ, म्हणजे नुसती L × |dn/dλ| आहे, आणि ते मला या विषयातील सर्वांत सुंदर नाते वाटते. उताराला जाडीने गुणले की घसरलेली आवर्तने मिळतात. या काचेत दर ५० मायक्रोमीटरला एक आवर्तन घसरते.

सगळा खेळ n च्या किमतीचा नसून तिच्या उताराचा आहे, हे मायकेलसन यांच्या १८८५ सालच्या मापनातही दिसले होते. कार्बन डायसल्फाइड या द्रवात प्रकाशाला लागणाऱ्या वेळेवरून त्यांना सुमारे १.७६ हे गुणोत्तर मिळाले, तर त्या द्रवाचा अपवर्तनांक १.६४ च्या आसपास आहे. हा फरक प्रयोगातील त्रुटीने समजावण्यापलीकडचा होता. या द्रवाचे अपस्करण तीव्र असल्यामुळे समूहवेग कलावेगापेक्षा बराच कमी पडतो, आणि वेळ मोजणारा प्रयोग समूहवेगच मोजतो.

आता तुमच्या प्रयोगशाळेकडे येऊ. पाऱ्याचा दिवा, स्पेक्ट्रोमीटर आणि प्रिझम घेऊन कॉशीचे स्थिरांक काढण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा लवकरच कराल. त्यात n = A + B/λ² मानतात. याचे अवकलन करून वरच्या सूत्रात घाला, म्हणजे n_g = A + 3B/λ² मिळते. समूहवेग तुमच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेला आहे, फक्त B ला तीनने गुणायचे राहिले आहे. बीके-७ साठी निळ्या ४३५.८ नॅनोमीटरच्या रेषेला n = १.५२६६८ आणि हिरव्या ५४६.१ च्या रेषेला १.५१८७२ असतो. त्यांवरून B सुमारे ०.००४१६ चौरस मायक्रोमीटर येतो आणि हिरव्या रेषेसाठी n_g = १.५४७ मिळतो. (प्रयोगशाळेतील प्रिझम बहुधा फ्लिंट काचेचा असतो, तेव्हा तुमचे आकडे याहून मोठे येतील.)

काही विद्यार्थी दोन रेषांतील n चा फरक तरंगलांबीच्या फरकाने भागतात आणि तोच उतार हिरव्या रेषेसाठी वापरतात. मग n_g = १.५५८ येतो. तो उतार खरे तर दोन रेषांच्या मधल्या, ४९० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा आहे, आणि निळ्याकडे वक्र अधिक तीव्र असल्यामुळे उत्तर फुगते.

कॉशीच्या सूत्रालाही मर्यादा आहे. वरचेच A आणि B घेऊन ८०० नॅनोमीटरला गेलात, तर n फक्त ०.०००५ ने चुकतो, पण n_g − n मात्र ०.०१५९ ऐवजी ०.०१३० येतो, म्हणजे जवळपास १८ टक्के कमी. अवरक्त भागातील शोषणामुळे वक्राला जो जास्तीचा उतार मिळतो, तो दोन पदांच्या सूत्रात नाही. n जुळला म्हणून उतार जुळला असे धरू नका; तेथे अवरक्त शोषणाचे पदही असलेले सेलमायरचे सूत्रच वापरावे.

स्पंद बाहेर पडताना रुंदावतो का, तर n_g स्वतः तरंगलांबीनुसार बदलतो म्हणून रुंदावतो. वरच्या १० मिमी पट्टीत १०० फेमटोसेकंदांचा स्पंद जवळजवळ तसाच राहतो, पण २० फेमटोसेकंदांचा सुमारे ६५ पर्यंत पसरतो.

लेसरशिवाय फरक पाहण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे मायकेलसन इंटरफेरोमीटर. सोडियमच्या प्रकाशात पट्टे मोजता तेव्हा तुम्ही कलेचे मापन करता आणि तेथे n हाच योग्य असतो. परंतु पांढऱ्या प्रकाशाचे रंगीत पट्टे आणून एका बाहूत t जाडीची कव्हर स्लिप ठेवली आणि तेच पट्टे पुन्हा मिळेपर्यंत आरसा हलवला, तर आरसा (n − 1)t एवढा नव्हे तर (n_g − 1)t एवढा सरकतो, कारण पांढरा प्रकाश म्हणजे अतिशय छोट्या स्पंदांसारखाच आणि रंगीत पट्टे त्यांच्या माथ्यांची जुळणी दाखवतात. हिरव्या रेषेचे वरचेच आकडे धरले, तर ०.१५ मिमी स्लिपसाठी आरसा ०.०७७८ ऐवजी ०.०८२० मिमी सरकेल. सूत्रात n घालून जाडी काढली तर ती सुमारे ५ टक्के जास्त येते. स्लिपची जाडी स्क्रू गेजने स्वतंत्रपणे, अनेक वाचने घेऊन मोजा. दोन उत्तरांतील तफावत सातत्याने एकाच बाजूला आणि एवढीच येत असेल, तर ती वाचनातील चूक नाही.