डॉमिनंट म्हणजे वादी नव्हे

प्रश्न: “आमच्या कीबोर्डच्या क्लासमध्ये सांगतात की डॉमिनंट म्हणजे वादी आणि सेव्हन्थ म्हणजे नि. मग ‘डॉमिनंट सेव्हन्थ टॉनिककडे ओढते’ याचा अर्थ काय? डॉमिनंटला मराठी शब्द कोणता?”

दोन्ही चूक आहे, आणि ‘डॉमिनंट म्हणजे वादी’ तर इतक्या वेळा कानावर येतं की आता ते खोडलंच पाहिजे. वादी रागागणिक बदलतो. भूपात गंधार, केदारात मध्यम. डॉमिनंट मात्र टॉनिकपासूनचा, म्हणजे घरच्या सा-पासूनचा पाचवा स्वर, म्हणजे कायम पंचमच. सेव्हन्थही सा-पासून मोजायची नाही, पंचमापासून मोजायची: प, ध, नि, सा, रे, ग, म. सातवा आला मध्यम. तेव्हा डॉमिनंट सेव्हन्थ म्हणजे पंचमापासून एकाआड एक स्वर घेऊन झालेली कॉर्ड, प-नि-रे-म.

गंमत अशी की ‘वादी’ हा अर्थ एके काळी जवळपास खरा होता. लॅटिन ‘डॉमिनारी’ म्हणजे सत्ता गाजवणं. चर्चच्या जुन्या गायनात स्तोत्राचे शब्द ज्या एका स्वरावर धरून म्हणत, त्याला डॉमिनंट म्हणत. तो पाचवाच असेल असं नव्हतं. ई या स्वरावर संपणाऱ्या तिसऱ्या मोडमध्ये, म्हणजे त्या गायनातल्या एका स्वरसप्तकात, तो सहावा, सी, असे. 1722 साली रामो या फ्रेंच संगीतकाराने आपल्या हार्मनीच्या ग्रंथात या शब्दाचा रोखच बदलला. त्याच्या लेखी डॉमिनंट म्हणजे समाप्तीच्या वेळी खर्जातल्या शेवटच्या स्वराच्या अगोदर येणारा स्वर: तो नेहमी आधी येतो, म्हणून त्याची सत्ता. सत्ता आता जास्त वेळ वाजण्याची राहिली नाही, पुढे काय यावं हे ठरवण्याची झाली. माझ्या मते फंक्शनल हार्मनीचं बीज या एका अर्थबदलात आहे. ‘फंक्शन’ हा शब्द जर्मन संगीतशास्त्रज्ञ रीमानने 1893 मध्ये रूढ केला, पण कॉर्डची ओळख तिच्या कामावरून करायची ही दृष्टी रामोचीच.

ओढ कशी लागते ते पेटीवर पाहा. पांढरी एकचा सा धरा. प-नि-रे-म वाजवा आणि मग सा-ग-प. नि अर्धा स्वर वर चढून सा-वर जातो, म अर्धा स्वर उतरून ग-वर येतो, रे सा-कडे सरकतो आणि खर्जातला प सा-वर जातो. म आणि नि यांच्यात सहा अर्धस्वरांचं अंतर आहे. शुद्ध स्वरांच्या सप्तकात असं अंतर असलेली जोडी ही एकच, त्यामुळे ती ऐकली की सा कुठे असावा याचा कानाला अंदाज येतो.

पुष्कळ पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात: जोडी कर्कश आहे, म्हणून सुटायला पाहते. हे मला मुळीच पटत नाही. म-निच्या त्याच दोन पट्ट्या, पांढरी चार आणि पांढरी सात, दाबून ठेवा आणि खाली पांढरी पाचऐवजी काळी एक द्या. आता घर काळी तीनला गेलं! मघाचा म तिथला नि झाला आणि मघाचा नि तिथला म. कर्कशपणा तसूभर बदलला नाही, दिशा मात्र पार उलटली, कारण पंचमाचं काम आता काळी एककडे आहे. ब्लूजमध्ये तर टॉनिकवरच सेव्हन्थ वाजते आणि खुशाल तिथेच मुक्काम करते, कारण त्या संगीताच्या रिवाजात तिच्याकडे डॉमिनंटचं काम नसतं. ध्वनी ओढीला आधार देतो. ओढ पक्की होते ती त्या शैलीत मुरलेल्या कानाच्या अपेक्षेने.

ही अपेक्षा किती पक्की असते हे बीथोव्हेनला नेमकं ठाऊक होतं. त्याची पहिली सिंफनी 1800 मध्ये व्हिएन्नात झाली. तिचा सा पांढरी एक, पण पहिलीच कॉर्ड सा-ग-प-कोमल नि. घरचीच कॉर्ड, पण एका कोमल निने ती मध्यमाची डॉमिनंट सेव्हन्थ झाली, आणि लगेच मध्यमावर सुटलीही. मग खरी प-नि-रे-म येते. आता तरी सा येणार असं वाटतं, तर ती ध-सा-ग वर उतरते. तिथेही नि सा-वर चढला आणि म ग-वर उतरला. फक्त खर्जातला प सा-वर न जाता ध-वर गेला. म्हणजे जोडीची सुटका झाली तरी घर आलं नाही. तिसऱ्या सेव्हन्थने तो पंचमावर पोचतो.

मराठीत स्वरापुरतं ‘पंचम’ म्हणा. कॉर्डच्या कामाबद्दल बोलताना ‘डॉमिनंट’च राहू द्या.