इंग्रजीतली भीती: नर्व्हस कुठे आणि पेट्रिफाइड कुठे

प्रश्न: नर्व्हस, अँक्शस, स्केअर्ड, टेरिफाइड, पेट्रिफाइड… डिक्शनरीत सगळ्यांचा अर्थ 'घाबरलेला' असाच दिसतो. लिहिताना कुठला कधी वापरायचा? मी बहुतेक वेळा जो जास्त भारी वाटतो तो लिहून टाकतो.

उत्तर:

भारी शब्द लिहायची सवय आधी सोडा, कारण वाचणारा तुमच्या शब्दावरूनच प्रसंगाचं माप काढतो. उद्याच्या इंटरव्ह्यूसाठी 'आय वॉज पेट्रिफाइड' लिहिलंत की तो पुढे काहीतरी भयंकर वाचायला मिळणार असं धरून चालतो. पुढच्या ओळीत तुम्ही शर्टाला इस्त्री करत असाल, तर दोन्ही वाक्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

मराठीत आपण हे आपोआप सांभाळतो. परीक्षेच्या आदल्या रात्री धाकधूक होते. घरातलं माणूस वेळेवर परतलं नाही की जिवाला घोर लागतो. जिवावर बेतलं तर पाचावर धारण बसते. कुणी शिकवलेलं नसतं, तरी यांची अदलाबदल होत नाही. इंग्रजीत मात्र आपण सगळं 'भीती वाटली' या एकाच वाक्यात गोळा करतो आणि मग भाषांतराला शब्द शोधतो, तिथे घोळ होतो.

मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो 'भीती किती' हा नाही. ज्याची भीती वाटते ते समोर आलंय की अजून यायचंय, हे मी आधी बघते. नर्व्हस आणि अँक्शस हे दोन्ही मुख्यतः यायच्या गोष्टीचे शब्द आहेत. नर्व्हस म्हणजे स्टेजवर जाण्याआधीची, ड्रायव्हिंग टेस्टच्या आधीची धाकधूक. बहुतेक वेळा काहीतरी तुम्हालाच करून दाखवायचं असतं, आणि ते एकदा पार पडलं की ती ओसरते. अँक्शसमध्ये बहुधा तुमच्या हातात काही उरलेलं नसतं. तपासणीचा रिपोर्ट यायचाय, कुणाचा फोन लागत नाहीये, आणि तुम्ही वाट बघताय. हा घोर दिवसेंदिवस पुरतो. म्हणून डॉक्टरांना सांगताना 'कित्येक आठवडे अँक्शस वाटतंय' हे वाक्य नेमकं आहे, तिथे टेरिफाइड म्हणून काही जास्त कळत नाही.

गोष्ट समोर आली की स्केअर्ड किंवा फ्रायटन्ड. दोघांची ताकद जवळपास सारखी. स्केअर्ड बोलण्यातला, फ्रायटन्ड लिखाणात थोडा जास्त शोभणारा. यांच्या पुढे टेरिफाइड, जेव्हा भीतीने मन पूर्ण व्यापलेलं असतं आणि दुसरा विचार सुचत नाही.

आता पेट्रिफाइड. बरेच जण त्याला टेरिफाइडच्या वरची पायरी समजतात. तीव्रता आहेच, पण त्याची खरी ओळख शरीरात आहे. शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधला दगड आहे. लाकडाचा जीवाश्म होतो त्यालाही इंग्रजीत पेट्रिफाइड वूड म्हणतात. माणूस पेट्रिफाइड होतो तेव्हा पाय जमिनीला खिळतात, ओरडायचं असतं पण आवाज फुटत नाही. मराठीत जवळचा शब्द हवा असेल तर 'गर्भगळीत' पेक्षा मला 'थिजून जाणे' जास्त पटतं.

मी इंग्रजीचे निबंध तपासते. त्यातल्या एका निबंधाचा मतलब असा होता: रात्री मी घरी एकटी होते, मागच्या दाराचा आवाज आला, आय वॉज पेट्रिफाइड, मी धावत जाऊन कडी लावली आणि शेजाऱ्यांना फोन केला. इथे शब्दाला खोटं पाडतंय ते पुढचं क्रियापद. थिजलेली मुलगी धावत नाही. तिला कडी आठवली, फोन करायचं सुचलं, म्हणजे डोकं चालू होतं. या प्रसंगाला फ्रायटन्ड पुरतो.

तोच प्रसंग थोडा थोडा बदलून बघा. अकरा वाजून गेले, आईबाबा परतले नाहीत, फोन लागत नाही: ती अँक्शस आहे. घरात शांतता, मागे काहीतरी खुट्ट झालं, पण मांजरही असू शकतं: इथे नर्व्हस किंवा अनईझी. पुन्हा आवाज आला आणि या वेळी दाराचं हँडल हलताना दिसलं: फ्रायटन्ड. दार किलकिलं झालं, फटीतून हात आत आला, ती किंचाळत पुढच्या दाराकडे पळाली: टेरिफाइड. आणि हात आत आलेला दिसतोय, मोबाइल तिच्या मुठीत आहे, तरी बोट हलत नाही: आता पेट्रिफाइड. शेवटच्या दोन प्रसंगांत धोका तेवढाच आहे. फरक तिच्या शरीराने काय केलं एवढाच. म्हणून पेट्रिफाइड लिहिल्यावर पुढचं वाक्य वाचून बघा. त्यात पळणं, ओरडणं, दार लावणं असेल, तर दोन्हींपैकी एक बदला.

दुसरी खूण 'व्हेरी' ची. व्हेरी नर्व्हस, अ बिट स्केअर्ड, क्वाइट अँक्शस हे सगळं चालतं, कारण या भावना कमीजास्त होतात. टेरिफाइड आणि पेट्रिफाइड मुळातच टोकाचे शब्द, त्यामुळे व्हेरी टेरिफाइड कानाला खटकतं. जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्यूटली टेरिफाइड म्हणतात. आपणही 'माझी थोडीशी पाचावर धारण बसली' असं कुठे म्हणतो? व्हेरी लावावंसं वाटलं, तर बहुतेक वेळा तुम्हाला खालच्या पायरीचा शब्दच हवा असतो.

याला एक सूट आहे. बोलताना इंग्रजी भाषकही वाढवून बोलतात. झुरळाला टेरिफाइड, भाषणाला पेट्रिफाइड, हे गप्पांमध्ये अगदी रोजचं आहे आणि ऐकणारा ते तसंच घेतो. तुम्हीही बोला. पण तक्रार अर्ज, अपघाताचा जबाब, ऑफिसचं मेल यात वाचणारा सूट देत नाही. प्रोजेक्टला उशीर होईल असं वाटत असेल तर मेलमध्ये कन्सर्न्ड लिहा. नवीन बदलाबद्दल मनात पाल चुकचुकत असेल तर ॲप्रिहेन्सिव्ह. टेरिफाइड लिहिलंत तर तुम्हाला काम झेपत नाही असाच अर्थ निघेल.

शब्द बरोबर निवडूनही काही ठिकाणी पाय घसरतो. येऊ घातलेल्या गोष्टीसाठी नर्व्हस आणि अँक्शसला 'अबाउट' लागतो, तर कुत्रा, उंची, अंधार यांच्यासाठी स्केअर्ड, अफ्रेड, टेरिफाइडला 'ऑफ'. 'अँक्शस टू मीट यू' मध्ये भीती नसते, ती भेटायची उत्सुकता. अफ्रेड नामाच्या आधी बसत नाही, म्हणून 'ॲन अफ्रेड चाइल्ड' चूक आणि 'अ फ्रायटन्ड चाइल्ड' बरोबर. टेरिफिक एके काळी भयानक या अर्थाने वापरत, आज ते कौतुक आहे, तेव्हा अपघाताचं वर्णन करताना त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे टेरिफाइंग हवं. आणि तुम्ही घाबरला असाल तर तुम्ही टेरिफाइड. 'आय वॉज टेरिफाइंग' लिहिलंत तर तुम्हाला बघून बाकीचे घाबरले असं होईल.