ठसका पाण्याचाच का लागतो? वृद्धांच्या गिळण्याविषयी प्रश्नोत्तरे

आईचं वय ८१. मऊ भात, शिजवलेली भाजी नीट जाते, पण पाणी प्यायली की ठसका. पाणी तर गिळायला सगळ्यात सोपं ना?

अशा माणसाला पाणीच सगळ्यात अवघड जातं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण आडवं पडतं, स्वरतंतूंची फट मिटते आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सगळं साधारण सेकंदभरात आटोपतं. गळ्यासमोरच्या घाटीवर दोन बोटं हलकेच ठेवून आवंढा गिळा, ती वर जाऊन खाली येताना कळेल. वयामुळे, पक्षाघातामुळे किंवा पार्किन्सनमुळे ही हालचाल उशिरा सुरू होते. भाताचा घास जिभेवरून सावकाश सरकतो, त्यामुळे त्या उशिराला वाव मिळतो. पाणी मात्र जिभेवरून ओघळून घशात पोचतं तेव्हा श्वासनलिकेचं दार अजून उघडंच असतं.

आधी पेला बदलून पाहा. अरुंद तोंडाचा पेला अर्धा रिकामा झाला की त्याची कड नाकाला टेकते, मग उरलेलं पाणी पिण्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि श्वासाची वाट आणखी उघडते. रुंद तोंडाचा कप घ्या, किंवा नाकासाठी एका बाजूला खाच असलेला मिळतो तो. तो निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. एका वेळी एक लहान घोट, चहाच्या चमच्याएवढा. घाटी वर जाऊन खाली आली, तोंड रिकामं झालं, की मगच पुढचा. स्ट्रॉ सोयीची वाटते, पण ती पाणी थेट जिभेच्या मागच्या भागात सोडते आणि ओढताना घोटही मोठा होतो. त्यामुळे तपासणीआधी ती नकोच.

एवढं करूनही रोज ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या. द्रव घट्ट करायचं की नाही आणि किती, हे त्यांनी ठरवायचं.

बाबांचं पाणी ‘पातळी २’चं घट्ट करायला सांगितलंय. पावडर आणली, पण कधी पातळ राहतं, कधी गोळे होतात. पातळी २ ओळखायची कशी?

नजरेने ओळखायला जाल तर रोज वेगळं होईल. त्यासाठी सुईशिवायची १० मिलिलिटरची साधी सिरिंज लागते. तिच्यावरच्या शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांचं अंतर पट्टीने मोजा. ते ६१.५ मिलिमीटर भरलं पाहिजे, कारण वेगळ्या लांबीच्या सिरिंजमध्ये उत्तर वेगळं येतं.

दट्ट्या काढून टाका. टोकावर बोट दाबून दहाच्या खुणेपर्यंत तयार पेय भरा. बोट काढा, बरोबर १० सेकंद वाहू द्या, पुन्हा बोट लावा. आता आत किती उरलं ते वाचा. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर ते साध्या पाण्यासारखं, म्हणजे पातळी ०. १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, आणि ८ च्या वर उरूनही थोडं ठिबकत असेल तर पातळी ३. काहीच गळलं नाही तर ते चमच्यानेच खायचं, पातळी ४.

समजा पहिल्या खेपेला ३ मिलिलिटर उरलं. मग त्याच पेल्यात वरून पावडर भुरभुरू नका, गोळे होतात ते इथेच. नवं पाणी घ्या, डब्यावरच्या मापापेक्षा थोडी जास्त पावडर कोरड्या पेल्यात आधी टाका, त्यावर पाणी ओतत लगेच जोरात ढवळा. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि पुन्हा चाचणी घ्या. ६ उरलं की माप सापडलं. ते डब्यावर लिहून ठेवा. दूध घट्ट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ घेतं, म्हणून त्याचं माप वेगळं काढा.

पावडर स्टार्चची आहे की झँथन गमची, हे लेबलवर पाहा. स्टार्चचं पेय ठेवलं की घट्ट होत जातं, आणि उष्टा चमचा त्यात बुडाला तर लाळेने पुन्हा पातळ होतं. झँथन गमवर लाळेचा परिणाम जवळपास होत नाही. बद्धकोष्ठासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर चालू असेल, तर ती स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात कधीही मिसळू नका. पाणी एकदम पातळ होतं आणि जोखीम परत तिथेच येते.

घट्ट पाणी फारसं कुणाला आवडत नाही, त्यामुळे पिणं कमी होतं. लघवी गडद झाली, जीभ कोरडी पडली, माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर शरीरात पाणी कमी पडत असावं असं समजून डॉक्टरांना कळवा.

आजोबांना सूप-भात एकत्र देतो, मऊच असतं. तरी दोन-तीन चमच्यांनंतर खोकतात. नुसता बटाटा कुस्करून दिला तर तोंडातच धरून बसतात.

दोन्हीकडे दोष वेगळा आहे. सूप-भातात पातळ आणि घन एकत्र आहे. आजोबा भात चावत असतात तोवर सूप मागे ओघळून घशात उतरलेलं असतं. रसाळ फळांचंही तसंच, आणि आइस्क्रीम किंवा जेलीचंही, कारण ती तोंडात विरघळून पाणीच होतात. द्रव आणि घन वेगळे द्या, किंवा एकजीव करा.

बटाट्याची अडचण चिकटपणाची. नुसता कुस्करलेला बटाटा टाळूला गोंदासारखा बसतो आणि कमजोर जीभ तो मागे लोटू शकत नाही. त्यात गरम दूध आणि लोणी घालत जा, मग चमचा तिरपा करून पाहा. गोळा अख्खा, एका झटक्यात पडला पाहिजे आणि चमच्यावर फार तर पातळसा थर राहावा. हलवूनही चमच्याला चिकटून राहिला तर चिकट आहे. कडेला पाणी सुटत असेल तर तेही चालणार नाही.

आजोबा थोडं चावू शकत असतील तर सगळंच वाटून देऊ नका. बारीक आणि ओलसर जेवणात तुकडा ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट तेवढीच असते, तीच मोजपट्टी समजा. मऊ तुकड्यांच्या जेवणात १.५ सेंटिमीटरपर्यंत चालतो. मऊपणा तपासायला काटा तुकड्यावर ठेवून अंगठ्याने दाबा. अंगठ्याचं नख पांढुरकं होईल इतक्या दाबाला तुकडा चिरडला आणि काटा उचलल्यावर पूर्ववत झाला नाही, तर ठीक. ताजा ब्रेड इथे अनेकांना फसवतो. हाताला मऊ लागतो, तोंडात मात्र लगदा होऊन घट्ट गोळा बनतो.

आईला पलंगावर डोक्याखाली तीन उशा देऊन भरवते. पुरेसं आहे ना?

नाही. तीन उशांनी मान वाकते, धड आडवंच राहतं. पोट दबतं, आई हळूहळू खाली घसरते आणि पाचव्या-सहाव्या घासाला ती जवळजवळ झोपलेली असते.

शक्य असेल तर खुर्चीत बसवा. पाठ टेकलेली, कंबरेत काटकोन, पावलं जमिनीवर सपाट. पाय पोचत नसतील तर खाली पाट द्या, कारण पाय लोंबकळले की शरीर पुढे घसरतं. पलंगच असेल तर आधी तिला वर सरकवा, म्हणजे कंबर पलंगाच्या दुमडणाऱ्या जागी येईल. मग पाठीचा भाग जमेल तितका उभा करा आणि गुडघ्यांखाली गुंडाळी द्या. उशा कंबरेपासून वरपर्यंत लावा, एक बाजू कमजोर असेल तर त्या बाजूलाही. हनुवटी समोर किंवा किंचित खाली असावी. ती छातीला टेकवण्याची युक्ती काहींना लागू पडते, काहींना त्रास वाढवते, म्हणून तपासणीशिवाय नको.

आणि तुम्ही उभ्या राहून भरवत असाल तर बसा. आई तुमच्याकडे वर पाहते, तिची हनुवटी उचलली जाते, आणि उशांची सगळी मेहनत वाया जाते. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणा. जेवण झाल्यावर किमान ३० मिनिटं तिला तसंच बसू द्या.

वडिलांना ठसका कधीच लागत नाही. पण चार महिन्यांत दोनदा न्यूमोनिया झाला. गिळण्याशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नका. घशाची संवेदना बोथट झाली की अन्न श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला उठतच नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर त्यांना लांब ‘आऽ’ म्हणायला लावा. नंतरचा आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा घरघरता आला, तर स्वरतंतूंजवळ काहीतरी साचलंय. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, नाक वाहणं, श्वास वाढणं, गालात अन्न उरणं, जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबणं आणि वजन उतरणं, यांचीही तारखेसह नोंद ठेवा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर एन्डोस्कोपी किंवा बेरियमच्या एक्स-रे चित्रीकरणाने गिळणं प्रत्यक्ष पाहता येतं. उतारवयात न्यूमोनियाचा ताप कधी येतही नाही. नेहमीपेक्षा जास्त सुस्ती आणि मिनिटाला २५ च्या वर श्वास दिसले, तर त्याच दिवशी दाखवा.

तोपर्यंत तोंडाची स्वच्छता कडक ठेवा. फुफ्फुसात अन्नाबरोबर जातात ते तोंडातले जंतू. दिवसातून दोनदा ब्रश, जेवणानंतर गालाचे कप्पे पुसणं, आणि कवळी रात्री काढून धुणं.

घास अडकलाच तर पाणी पाजायचं की पाठीत मारायचं?

पाणी नाही. आधी पाहा, खोकता येतंय का. आवाज निघतोय आणि खोकला जोरदार आहे, तर पाठीत मारू नका. पुढे वाकवून खोकू द्या आणि शेजारी थांबा.

आवाज बंद, खोकला निःशब्द, हात गळ्याकडे, ओठ निळसर, म्हणजे श्वास अडलाय. कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. त्यांना पुढे झुकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके द्या. नाही निघालं तर मागे उभे राहून मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने धरा आणि आत-वर असे ५ झटके. पुन्हा ५ फटके, ५ झटके. चाकांच्या खुर्चीत असतील तर आधी ब्रेक लावा. पोटाला कवेत घेता येत नसेल तर छातीच्या मधोमध झटके द्या. शुद्ध गेली तर जमिनीवर आडवं करून सीपीआर सुरू करा. तोंडात बोट घालायचं ते घास दिसत असेल तरच, नाहीतर तो आणखी आत जातो.

पोटाला झटके दिले असतील तर घास निघून माणूस हसत बसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आत इजा झालेली असू शकते.